बिले वाचणाऱ्या सॉफ्टवेअरची अचूकता: रकान्यागणिक मोजणी आणि हिशेबाला महाग पडणाऱ्या चुका

प्रश्न: आमच्या पुण्यातील कार्यालयात महिन्याला साधारण १,२०० खरेदीची बिले येतात. त्यांतली ७८० संगणकावर तयार झालेल्या पीडीएफ असतात, ३०० स्कॅन केलेली आणि १२० मोबाइलवर काढलेले फोटो. सॉफ्टवेअर ती वाचून टॅलीत नोंदी पाठवते. सॉफ्टवेअरची कंपनी ९८ टक्के अचूकता सांगते. नमुना घेऊन हे कसे तपासावे, आणि हिशेबाच्या दृष्टीने कोणत्या चुका आधी रोखाव्यात?

उत्तर:

कंपनीला सर्वप्रथम विचारा की हे ९८ टक्के कशाचे आहेत. अक्षरांचे, रकान्यांचे की संपूर्ण बिलांचे, यावर त्या आकड्याचा सगळा अर्थ अवलंबून असतो. पंधरा अक्षरांच्या जीएसटी क्रमांकात चौदा अक्षरे बरोबर आली तर अक्षरांच्या हिशेबाने ती ९३ टक्के अचूकता झाली, पण नोंदीच्या हिशेबाने तो रकाना पूर्ण चुकलेला आहे. एका बिलातून बारा रकाने उचलले जात असतील आणि प्रत्येक रकाना ९७ टक्के वेळा बरोबर येत असेल, तर चुका एकमेकींपासून स्वतंत्र असल्याचे धरून एकही चूक नसलेली बिले सुमारे ६९ टक्केच भरतात. प्रत्यक्षात चुका खराब फोटोंवर एकवटलेल्या असतात, त्यामुळे निर्दोष बिलांचे प्रमाण याहून बरे दिसते; तरीही सरासरी टक्केवारी पाहून कोणत्या नोंदीवर विसंबावे हे कळत नाही. म्हणून मोजणी प्रत्येक रकान्याची वेगळी करावी.

नमुना निवडताना महिन्याच्या सुरुवातीची २०० बिले सलग उचलू नयेत, कारण सुरुवातीला भाडे, वीज, दूरध्वनी अशी ठरावीक साच्याची बिले जास्त असतात आणि ती सॉफ्टवेअरला सोपी जातात. तुमच्या बिलांचे तीन गट उघड दिसत आहेत. पीडीएफमधून ८०, स्कॅनमधून ६० आणि फोटोंमधून ६० बिले चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडावीत. संख्येने सर्वांत लहान असलेल्या फोटोंच्या गटातून निम्मी बिले घेणे हे मुद्दाम आहे, कारण चुका तिथेच दडलेल्या असतात. मात्र त्यामुळे शेवटी टक्केवारी काढताना प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या वाट्याइतकेच वजन परत द्यावे लागते. याखेरीज महिन्यातली सर्वांत मोठ्या रकमांची बिले, समजा २ लाख रुपयांवरची, नमुन्यावर सोडू नयेत. ती सगळीच माणसाने तपासावीत. ती संख्येने थोडी असतात आणि खरेदीच्या रकमेचा मोठा भाग त्यांच्यातच असतो.

पुढचे काम कंटाळवाणे आहे आणि तेच बहुतेक ठिकाणी टाळले जाते. निवडलेल्या प्रत्येक बिलाची खरी उत्तरे दोन व्यक्तींनी मूळ प्रतिमेवरून, सॉफ्टवेअरने काय वाचले आहे ते न पाहता, स्वतंत्रपणे टंकावीत आणि जिथे दोघांत फरक पडेल तिथे तिसऱ्याने बिल पाहून निर्णय द्यावा. सॉफ्टवेअरचे उत्तर समोर ठेवून ‘बरोबर आहे का’ असे विचारले की डोळा तेच वाचतो; `8117` समोर दिसत असेल तर बिलावरचा `B117` सुद्धा ८११७ वाटू लागतो. तुलनेसाठी सॉफ्टवेअरचे मूळ उत्तरच घ्यावे. लेखनिकाने दुरुस्त केल्यानंतरची टॅलीतली नोंद घेतली तर तुम्ही सॉफ्टवेअरची नव्हे, लेखनिकाची अचूकता मोजाल.

बरोबर कशाला म्हणायचे याचे नियम मोजणीआधीच लिहून ठेवावेत. तारीख कोणत्याही मांडणीत असली तरी दिवस, महिना आणि वर्ष जुळले की ती बरोबर. रकमेतील स्वल्पविराम सोडावेत, पण पैशांपर्यंतचा आकडा जुळला पाहिजे. बिल क्रमांकाबाबत मी दोन खाने ठेवतो: एकात जसेच्या तसे जुळले का ते, आणि दुसऱ्यात आडव्या-तिरप्या रेघा व सुरुवातीची शून्ये काढून जुळले का ते, कारण पुढच्या जुळवणीत दुसरी पद्धत चालते आणि पहिलीमुळे अकारण चूक दिसते. चुकीचेही प्रकार वेगळे नोंदवावेत. बिलावर माहिती असून रकाना रिकामा राहिला, चुकीचे मूल्य आले, किंवा बिलावर नसलेले मूल्य भरले गेले, या तीन वेगळ्या घटना आहेत. रिकामा रकाना लेखनिकाला थांबवतो. चुकीचे पण पटण्यासारखे मूल्य कोणालाही थांबवत नाही. दोन्ही एकाच खात्यात मोजले की सर्वांत उपयुक्त माहिती हरवते.

आता एक उदाहरण शेवटापर्यंत नेऊ. आकडे मी समजावण्यासाठी बांधले आहेत, पण यातली प्रत्येक चूक खरेदीच्या कामात नेहमी भेटणारी आहे. २०० बिले, प्रत्येकी १४ रकाने, म्हणजे २,८०० उत्तरे तपासली आणि ६२ चुकली. रकान्यांची अचूकता ९७.८ टक्के आली, म्हणजे कंपनीचा दावा जवळपास खरा ठरला. त्या ६२ पैकी ३१ चुका पुरवठादाराच्या नावाच्या लेखनातल्या व पत्त्यातल्या निघाल्या. नोंद जीएसटी क्रमांकावरून योग्य खात्यात जात असल्याने त्यांचा हिशेबावर काहीच परिणाम नाही. ९ जागी रकाना रिकामा होता. उरल्या २२ चुकीच्या मूल्यांच्या: रकमेच्या ८, बिल क्रमांकाच्या ६, जीएसटी क्रमांकाच्या ३, तारखेच्या ३ आणि कागद कोणत्या प्रकारचा आहे या रकान्याच्या २.

रकमेच्या ८ चुका गटवार पाहू. पीडीएफमध्ये ८० पैकी एकही नाही, स्कॅनमध्ये ६० पैकी २, फोटोंमध्ये ६० पैकी ६. सरळ ८ भागिले २०० केले तर ४ टक्के येतात, पण फोटो मुद्दाम जास्त घेतले असल्याने ते खरे नाही. तुमच्या बिलांत पीडीएफचा वाटा ६५ टक्के, स्कॅनचा २५ आणि फोटोंचा १० आहे. त्या वजनाने चुकीचे प्रमाण सुमारे १.८ टक्के येते. शिवाय प्रत्येक आकड्याला अनिश्चिततेची किनार असते. फोटोंच्या ६० पैकी ६ चुकांवरून ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणता येते की खरे प्रमाण सुमारे ५ ते २० टक्क्यांच्या मध्ये आहे. पीडीएफमध्ये शून्य चुका सापडल्या म्हणून प्रमाण शून्य होत नाही. एकही चूक न सापडल्यास ३ ला नमुन्याच्या संख्येने भागावे आणि ती वरची मर्यादा समजावी, असा सोपा नियम आहे. ८० बिलांवर ती ३.७५ टक्के येते. ‘एक टक्क्याहून कमी’ असे म्हणायचे असेल तर सलग ३०० बिले निर्दोष निघाली पाहिजेत.

मात्र या २२ चुकांत रकमेचा रकाना सर्वाधिक चुकला म्हणून तो सर्वांत धोकादायक ठरत नाही. माझ्या अनुभवात योग्य प्रश्न असा असतो: ही चूक पुढच्या कोणत्या तपासणीत सापडली असती, आणि सापडली नसती तर किती रुपयांचे नुकसान झाले असते? म्हणून नमुन्यात सापडलेली प्रत्येक चूक मी आपल्याकडे असलेल्या तपासण्यांमधून हाताने पुढे नेऊन पाहतो आणि ती कुठे अडते ते तिच्यासमोर लिहितो.

रकमेपासून सुरुवात करू. करपूर्व रक्कम ४८,५०० रुपये, सीजीएसटी ४,३६५, एसजीएसटी ४,३६५ आणि एकूण ५७,२३० असे बिल आहे. सॉफ्टवेअरने ४८,५०० ऐवजी ४५,८०० वाचले, तर बेरीज ५४,५३० येते, बिलावरच्या एकूण रकमेशी जुळत नाही आणि नोंद तिथेच थांबते. फरक २,७०० चा आहे आणि त्याला ९ ने भाग जातो. दोन अंकांची अदलाबदल झाली की फरक नेहमीच ९ च्या पटीत पडतो, हे जुन्या खतावणी करणाऱ्यांना पाठ असे. (नवाचा ताळा मात्र इथे कामाचा नाही, कारण अंक जागा बदलतात तरी त्यांची बेरीज तीच राहते.) आपल्या ८ चुकांपैकी ७ या बेरजेच्या ताळ्यात अडकल्या. आठवी सुटली, आणि ती का सुटली हे महत्त्वाचे आहे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे बिलावर वेगळा कर न लावणाऱ्या, एका दुकानदाराच्या हस्तलिखित बिलावर ३६ नग, दर ५०० आणि एकूण १८,००० असे होते. सॉफ्टवेअरने नग २६ वाचले आणि एकूण रक्कम बिलावरून न उचलता स्वतः गुणाकार करून १३,००० भरली. आत सगळे काही एकमेकांशी जुळत होते, फक्त बिलाशी जुळत नव्हते. तुमचे सॉफ्टवेअर रकमा वाचते की काढते हे खात्री करून घ्या. ते काढत असेल तर बेरजेचा ताळा त्याच्यावर चालत नाही.

जीएसटी क्रमांकाच्या चुकांना सगळे घाबरतात, पण या तिन्ही जागच्या जागी अडकल्या. त्याचे कारण क्रमांकाच्या रचनेत आहे. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७ आणि गोव्यासाठी ३०. पुढची दहा अक्षरे पॅनची. आणि पंधरावे अक्षर आधीच्या चौदांवरून काढलेले ताळ्याचे अक्षर. एखादे अक्षर चुकीचे वाचले गेले की हा ताळा बिघडतो. मात्र हा ताळा वाचण्याची चूक पकडतो, जागेची नाही. बिलावर वाहतूकदाराचाही जीएसटी क्रमांक छापलेला असेल आणि सॉफ्टवेअरने पुरवठादार म्हणून तो उचलला, किंवा त्याच कंपनीचा दुसऱ्या राज्यातला क्रमांक उचलला, तर ताळा बरोबरच येणार. त्यासाठी पुरवठादारांच्या मंजूर यादीशी पडताळणी लागते. खरेदीदाराच्या जागी तुमचाच क्रमांक आहे का ही तपासणी तर फुकट आहे, आणि पुरवठादार व खरेदीदार यांची उलटापालट तीच पकडते.

बिल क्रमांकाच्या सहा चुकांमध्ये फरक करावा लागतो. पुरवठादारांनी भरलेल्या विवरणांवरून बनणारी जीएसटीआर-२बी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते आणि पुस्तकांशी जुळवताना क्रमांक चुकलेली बिले जुळत नाहीत. पाच चुका अशाच वर आल्या; वेळ गेला, पैसे गेले नाहीत. सहावी वेगळी होती. तेच ५७,२३० रुपयांचे बिल पुरवठादाराने मेलवर पीडीएफ म्हणून पाठवले होते आणि त्याच्या माणसाने त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवरही पाठवला होता. पीडीएफमध्ये `B117` नीट वाचले गेले, फोटोत ते `8117` झाले, आणि एकच क्रमांक दोनदा आल्यास अडवणारी तपासणी शांत राहिली. २बीच्या जुळवणीत एक नोंद जुळली आणि दुसरी ‘पुस्तकात आहे, २बीमध्ये नाही’ या यादीत पडली. त्या यादीकडे सगळे ‘पुरवठादाराने अजून विवरण भरले नसेल’ अशा समजुतीने पाहतात आणि ती पुढच्या महिन्यात ढकलतात. दरम्यान पैसे दोनदा जातात. म्हणून दुहेरी नोंदीची तपासणी फक्त क्रमांकावर ठेवू नये. पुरवठादार तोच, रक्कम पैशांपर्यंत तीच आणि तारीख जवळची असेल, तर क्रमांक वेगळा असला तरी माणसाने दोन्ही प्रतिमा शेजारी ठेवून पाहाव्यात. ठरावीक रकमेची मासिक बिले यात विनाकारण अडतील, पण तारखांमधले अंतर दहा दिवसांपर्यंत ठेवले तर तो त्रास सोसण्याजोगा राहतो.

तारखेच्या तीनपैकी दोन चुका त्याच महिन्यातल्या होत्या. तिसरी ३ एप्रिल २०२५ च्या बिलाची, ज्यावर ०३/०४/२०२५ असे छापलेले होते आणि सॉफ्टवेअरने महिना आधी समजून ते ४ मार्च २०२५ केले. १,४२,००० रुपयांचा खर्च एका तिरप्या रेघेच्या अर्थामुळे मागच्या आर्थिक वर्षात गेला. बहुतेक जुळवण्या बिल क्रमांक व रक्कम पाहतात आणि तारखेच्या फरकाकडे काणाडोळा करतात, म्हणून ही चूक निसटते. ती १२ तारखेपर्यंतच्या बिलांवरच होऊ शकते, आणि मागच्या वर्षात जाण्याचा धोका एप्रिल ते डिसेंबर या प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तीन तारखांच्या बिलांना असतो; उदाहरणार्थ ०१/०४, ०२/०४ आणि ०३/०४ उलटले की अनुक्रमे ४ जानेवारी, ४ फेब्रुवारी आणि ४ मार्च होतात. उलट दिशेने ४ जानेवारीचे बिल १ एप्रिलला जाऊ शकते. बिल हाती येण्याच्या तारखेपेक्षा बिलाची तारीख तीस दिवसांहून जुनी असेल, किंवा बिलाची तारीख उद्याची वा त्यापुढची असेल, तर नोंद थांबवा; एवढ्या नियमाने यांतल्या बहुतेक अडकतात.

राहिली ती कागदाच्या प्रकाराची. सॉफ्टवेअर कंपन्या हा रकानाच बऱ्याचदा मोजत नाहीत. या दोन्ही चुकांत पुरवठादाराची क्रेडिट नोट खरेदी बिल म्हणून नोंदली गेली, एक ११,८०० रुपयांची आणि दुसरी ६,२०० रुपयांची. पुरवठादाराचे देणे त्या रकमेने घटायला हवे होते, ते तेवढ्याने वाढले, म्हणजे फरक दुपटीचा झाला: २३,६०० आणि १२,४००, मिळून ३६,०००. क्रेडिट नोटवर जीएसटी असता तर ती २बीच्या वेगळ्या तक्त्यात दिसली असती. पण या दोन्ही वर्षअखेरच्या सवलतीच्या, कर न लावलेल्या व्यापारी नोटा होत्या आणि त्या २बीमध्ये येतच नाहीत. पुरवठादाराकडून खातेउतारा मागवून जुळवणी केली नाही तर त्या कधीच सापडत नाहीत. उतारा जुळवताना फरकाची निम्मी रक्कम शोधावी. बाजू उलटलेली नोंद असेल तर ती रक्कम हमखास हाती लागते. क्रेडिट नोटा एकूण कागदांत थोड्या असतात, म्हणून २०० च्या नमुन्यात त्या दोन-तीनच येतात. या रकान्यासाठी मागच्या तीन महिन्यांतल्या सगळ्या क्रेडिट नोटा गोळा करून वेगळा संच करावा.

आता २२ पैकी निसटलेल्या पाच चुका रुपयांत मांडू. दुहेरी नोंद ५७,२३०, क्रेडिट नोटा ३६,०००, हस्तलिखित बिलातला फरक ५,०००, आणि चुकीच्या वर्षात गेलेले १,४२,०००, जे बुडालेले नाहीत पण दोन वर्षांचा नफा खोटा दाखवतात आणि मागच्या वर्षाची पुस्तके बंद होण्याआधी सापडले नाहीत तर निस्तरायला जड जातात. जीएसटी क्रमांकाच्या तीन चुकांची किंमत शून्य, आणि नाव-पत्त्याच्या ३१ चुकांचीही शून्य. अचूकतेच्या टक्क्यांनी लावलेला क्रम आणि हा क्रम जवळजवळ उलटा आहे. मात्र पाच घटनांवरून वर्षभराच्या नुकसानीचा अंदाज गुणाकार करून काढू नका. एवढ्या थोड्या घटनांवरून दर निघत नाही. या मांडणीचा उपयोग पुढची तपासणी कुठे बसवायची आणि पुढचा नमुना कुठून घ्यायचा हे ठरवण्यापुरता आहे.

तपासण्या बसवताना एक सावधगिरी हवी: तपासणीने नोंद थांबवावी, दुरुस्त करू नये. एका ठिकाणी मी असा नियम पाहिला की पुरवठादाराचे राज्य आणि खरेदीदाराचे राज्य वेगळे असेल तर कर आपोआप आयजीएसटीत टाकायचा. पुण्याच्या कंपनीचा माणूस पणजीत हॉटेलात राहिला, तर हॉटेल गोव्याचा सीजीएसटी व एसजीएसटी लावते, कारण मुक्कामाच्या सेवेचे ठिकाण हॉटेल जिथे आहे तेच मानले जाते. महाराष्ट्रातल्या नोंदणीवर त्या कराचे क्रेडिट घेता येत नाही. सॉफ्टवेअरने बिल अचूक वाचले होते. नियमाने ते ‘सुधारून’ न मिळणारे क्रेडिट पुस्तकात आणले. चुकीचे क्रेडिट वापरले गेले तर त्यावर १८ टक्के दराने व्याज लागते, आणि बेरीज मात्र पैशापैशाला जुळलेली असते.

तुमच्या कार्यालयासाठी मी असे ठरवेन. पीडीएफवरच्या नोंदी बेरीज, जीएसटी क्रमांक, तारीख आणि दुहेरी नोंद या चार तपासण्या उतरल्यास माणसाशिवाय जाऊ द्याव्यात. स्कॅनवर रक्कम, तारीख आणि क्रमांक हे तीन रकाने माणसाने प्रतिमेशी ताडावेत. फोटोतली हस्तलिखित बिले सध्या सॉफ्टवेअरला देऊच नयेत. १२० फोटोंपैकी तशी जेवढी असतील तेवढी हाताने भरणे हे दहापैकी एक चूक शोधत बसण्यापेक्षा स्वस्त आहे. तपासलेली २०० बिले जपून ठेवावीत आणि सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की तिला तीच पुन्हा वाचायला द्यावीत, म्हणजे कोणता रकाना सुधारला आणि कोणता बिघडला हे त्याच दिवशी कळते. पण पुरवठादार आणि त्यांचे बिलांचे नमुने बदलत राहतात, म्हणून दर तिमाहीला ६० ताजी बिले वेगळी निवडावीत, आणि त्यांतली निम्मी त्या तिमाहीत पहिल्यांदाच आलेल्या पुरवठादारांची असावीत.